परिचयाचं शेवटचं वाक्य: मी काय बदललं

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे अनुवाद करते. माझ्या परिचयाच्या शेवटी तीन वाक्यं होती: 'त्यांना जुनी घड्याळं दुरुस्त करायला आवडतात. संपर्कासाठी ईमेल करा. आजच आपलं काम पाठवा!' एका कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी हे सगळं वाचलं, ईमेलचा पत्ता अक्षर न अक्षर सांगत. कुणीही तो लिहून घेतला नाही. बोलायला उभी राहिले तेव्हा सभागृहात कुजबुज सुरू होती. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: हे वाक्य संपल्यावर समोरचा माणूस लगेच काय करू शकतो? ऐकणारा फक्त लक्षात ठेवू शकतो. म्हणून मोठ्याने वाचायच्या परिचयात घड्याळं ठेवली, पण नेमकी: 'बंद पडलेलं घड्याळ दिसलं की त्या सगळ्यात आधी त्याचं झाकण उघडतात.' पुढच्या वेळी चहाच्या सुट्टीत दोघांनी त्यावरूनच बोलणं काढलं. नुसतं 'वाचनाची आवड' लिहिलं असतं, तर हे झालं नसतं.

परिचय कार्यक्रमाच्या छापील पुस्तिकेत असेल, तर वाचक पत्ता उतरवून घेऊ शकतो, म्हणून तिथे शेवटी फक्त ईमेल.

माझ्या संकेतस्थळावर मात्र आवाहन हवंच होतं. अडचण भाषेची होती. सगळा परिचय 'त्या करतात' असा आणि शेवटी एकदम 'पाठवा!', त्यामुळे मध्येच दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटायचं. मी लिहिलं: 'एक पान पाठवल्यास त्या नमुना अनुवाद करून देतात.' खाली बटण, 'पान पाठवा'.