कोल्हापूरहून मुंबईला जाताय? लोकलच्या लेडीज डब्याबाबत या चुका टाळा

आपल्याकडं लोकल नाही, त्यामुळं महालक्ष्मीनं ठाण्याला किंवा दादरला उतरलेला कोल्हापूरकर लोकलमध्ये चढताना हमखास गडबडतो. सगळ्यात जास्त गडबड लेडीज डब्यापाशी होते.

समजा नवरा-बायको, तेरा वर्षांचा पोरगा आणि दोन बॅगा असं कुटुंब सकाळी ठाण्याला उतरलंय, जायचंय घाटकोपरला बहिणीकडं. लोकल आली, समोर जो दरवाजा आला त्यात बायको चढली, मागनं पोरगा, आणि गाडी हललेली बघून बॅगा घेऊन नवरापण घुसला. आत सगळ्या बायका, आणि लगेच ओरडा सुरू, "ओ भाऊ, लेडीज आहे, उतरा!"

इथं पहिली चूक म्हणजे समोर आला तो दरवाजा पकडणं. लेडीज डबा म्हणजे दरवेळी अख्खा डबा असेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी एकाच डब्याचे भाग पाडलेले असतात, मध्ये पार्टिशन, अलीकडचा दरवाजा लेडीज आणि पलीकडचा जनरल, बाहेरून बघताना डबा एकच वाटतो. म्हणून दरवाज्याशेजारी 'महिला' लिहिलंय का, बाईचं चित्र आहे का ते बघा, आणि गाडी यायच्या आधीच प्लॅटफॉर्मवर वर लटकवलेली लेडीज डब्याची पाटी शोधून ठेवा. गाडी बारा डब्यांची की पंधराची ते इंडिकेटरवर येतं, त्याप्रमाणं जागा सरकते, म्हणून "काल इथंच आलेला की" याच्यावर जाऊ नका. काही डबे चोवीस तास लेडीज असतात, काही ठराविक वेळेपुरतेच, ते डब्यावरच लिहिलेलं असतं, ती ओळ वाचल्याशिवाय रात्री पण चढू नका.

दुसरी चूक, पोरगा. बारा वर्षांखालचा मुलगा आई, मावशी कुणाबरोबर तरी लेडीजमध्ये चालतो. तेरा वर्षांचा नाही, भले तो दिसायला बारका असू दे. त्याला बाबांबरोबर जनरलमध्येच पाठवायचं आणि कुठं उतरायचं ते आधीच ठरवून ठेवायचं, म्हणजे फोन लागला नाही तरी घोळ होत नाही.

आता नवरा चढलाच आहे तर काय? साध्या लोकलमध्ये आतून एका डब्यातनं दुसऱ्यात जाता येत नाही, त्यामुळं पुढचं स्टेशन येईपर्यंत अडकला. बऱ्याच फास्ट गाड्या ठाण्यानंतर थेट घाटकोपरलाच थांबतात, म्हणजे वेळ बराच जातो. चालत्या गाडीतनं उडी मारायची नाही, दरवाज्याजवळ उभं राहायचं, चुकून चढलो म्हणून सांगायचं आणि गाडी थांबली की लगेच उतरायचं. "माझं पण तिकीट आहे की", "बायको आत आहे माझी" हे बोलू नका, त्यानं भांडण वाढतं आणि कायद्याच्या दृष्टीनं उपयोग शून्य.

कायदा काय म्हणतो तेही बघा. रेल्वे कायदा 1989, कलम 162. डबा बायकांसाठी राखीव आहे हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवं होतं अशा परिस्थितीत, योग्य कारण नसताना पुरुष चढला किंवा रेल्वे कर्मचाऱ्यानं उतर म्हटल्यावर पण बसून राहिला तर 500 रुपयांपर्यंत दंड, तिकीट किंवा पास जप्त होऊ शकतो आणि खाली उतरवतात ते वेगळंच. माझ्या मते 500 म्हणजे काहीच नाही, खरा त्रास म्हणजे आरपीएफनं धरलं की रेल्वे कोर्टापुढं उभं राहण्यात दिवस जातो. आणि कुणी "इथंच मिटवू" म्हणून पैसे मागितले तर पावतीशिवाय द्यायचे नाहीत. रात्री लेडीज डब्यात पोलीस दिसला तर तो मात्र ड्युटीवर असतो, त्याच्याकडं बघून "तो चालतो मग मी का नाही" असला वाद घालू नका.

बायकांची पण एक चूक सांगतो, ती खिशाला जास्त लागते. लेडीज फर्स्ट क्लास आणि लेडीज सेकंड क्लास बऱ्याचदा शेजारी शेजारीच असतात, "लेडीज आहे ना" म्हणून सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये बसलात तर टीसी भाड्याचा फरक आणि वर किमान 250 रुपये घेतो. तिथं लेडीज असण्याचा काही फायदा नाही.

आणि कुणी पुरुष चढून उतरतच नसेल तर एकटीनं त्याच्याशी झटापट करू नका, 139 ला फोन करा. पण नुसतं "लोकलमध्ये आहे" सांगून गाडी सापडत नाही. गाडी कुठून कुठं जातीय, स्लो की फास्ट, पुढचं स्टेशन कुठलं, लेडीज डबा पुढचा, मधला की शेवटचा आणि डब्यात रंगवलेला नंबर, एवढं एका दमात सांगा, म्हणजे पुढच्या स्टेशनवर पोलीस बरोबर त्याच दरवाज्यापाशी येऊ शकतात.