सॉफ्टवेअरच्या तीन सीट वाढवल्या आणि बिल दुप्पट आलं? सपोर्टला लिहिताना या चुका टाळा

"बिल चुकलंय, दुरुस्त करा" एवढंच लिहून पाठवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्यावर सपोर्टकडून "सिस्टिमप्रमाणे बिल बरोबर आहे" असं उत्तर येतं आणि तिकीट बंद होतं. नेमकी कोणती ओळ पटली नाही, हे त्यांना कळलेलंच नसतं.

समजा, महिन्याला आगाऊ बिल येतं आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ४८ जणांच्या ४८ सीट ५०० रुपये दराने आहेत. १८ टक्के जीएसटी धरून २८,३२० रुपये. १६ जूनला ३ सीट वाढवल्या आणि १ जुलैचं बिल आलं ५८,०५६ रुपयांचं. इथे दोन एकूण रकमांची तुलना करत बसू नका. जीएसटी बाजूला काढा, ४९,२०० उरतात. आता ओळी पाहा. जुलैच्या ५१ सीट ८०० रुपयांनी ४०,८००. जूनच्या उरलेल्या १५ दिवसांचे नव्या दराने २०,४००, त्यातून जुन्या दराने आधीच भरलेले १२,००० वजा, म्हणजे ८,४०० रुपये.

हे ८,४०० फक्त याच बिलात आहेत. खरा घाव दराचा आहे. पन्नाशी ओलांडल्यावर प्लॅन बदलला आणि वाढीव दर सगळ्या ५१ सीटना लागला, तो दरमहा लागत राहणार. काही कंपन्या वाढीव दर फक्त ५० च्या वरच्या सीटला लावतात. तसं असतं तर जुलैचे २५,८०० झाले असते. तुमच्या करारात यातलं काय लिहिलंय ते मेल करण्याआधी वाचा, कारण सगळा वाद तिथेच आहे.

मग मेल असा लिहा:

"बिल क्रमांक अमुक. १६ जूनला ४८ च्या ५१ सीट केल्या. दर ५०० वरून ८०० झालेला दिसतो. हा दर सर्व सीटना लावण्याचा आधार करारातलं कोणतं कलम? सीट वाढवताना नवा दर स्क्रीनवर दाखवला होता का? तपासणी होईपर्यंत वादातली रक्कम थांबवावी आणि खातं चालू ठेवावं."

सोबत बिलाची प्रत आणि सीट वाढवल्याची नोंद जोडा.

उत्तर येण्याआधी घाईने सीट कमी करू नका. बऱ्याच करारांत सीट मुदतीच्या मध्ये वाढवता येतात, कमी मात्र नूतनीकरणालाच होतात. शिवाय मधेच बदल केला की बिलात आणखी जमा-वजा ओळी येतात आणि मूळ प्रश्न त्यात हरवतो. देय तारीखही गप्प बसून उलटू देऊ नका, खातं गोठू शकतं. करारात मुभा असेल तर वाद नसलेली रक्कम भरा आणि तसं कळवा.

त्यांनी चूक मान्य केली तर "पुढच्या बिलात बघू" यावर थांबू नका, जीएसटीसह क्रेडिट नोट मागा. ती आली की तुमच्या अकाउंटंटला लगेच द्या, कारण मूळ बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट तेवढ्याने कमी करावं लागतं.