दीर्घकथेचा रेंगाळलेला मध्य कसा सावरावा

पहिला खर्डा मध्यावर रेंगाळू लागला की बहुतेक जण आधी वाक्ये दुरुस्त करायला बसतात. हा क्रम उलटा आहे. जो प्रसंग पुढे काढूनच टाकावा लागणार आहे, त्याच्यावर आठवडाभर मेहनत केली की तो काढण्याचे धाडस उरत नाही आणि कथेचा मध्य होता तसाच सैल राहतो. म्हणून पुनर्लेखनात आधी पूर्ण प्रसंगांची काटछाट करावी, मग उरलेल्या प्रसंगांचा क्रम ठरवावा आणि वाक्यांना हात सर्वांत शेवटी लावावा. हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते या लेखासाठी रचलेल्या एका कथेच्या आधाराने पाहू.

कथा यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू कापसाच्या गावात घडते. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन भावांची वाटणी झाली आहे. वावराच्या मधोमध नवा धुरा, म्हणजे बांध, पडला आहे आणि बैलजोडीतला एकेक बैल प्रत्येकाच्या वाट्याला आला आहे. एका बैलावर पेरणीही होत नाही आणि डवरणीही, त्यामुळे बोलणे तुटले तरी एकमेकांचा बैल मागावाच लागतो. थोरल्याने धुरा धाकट्याच्या वावरात सरकवला, असा धाकट्याचा संशय आहे. वडिलांच्या दवाखान्याचे कर्ज थोरला एकटाच फेडतो आहे, हे मात्र त्याला ठाऊक नाही. कथा मृगातल्या पेरणीपासून सुरू होते आणि कापसाच्या पहिल्या वेचणीला संपते. खर्ड्यात 26 प्रसंग आणि सुमारे 18,000 शब्द आहेत. पहिले सहा प्रसंग नीट वाचले जातात, शेवटचे सातही पकड घेतात, परंतु सातव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत वाचक पाने चाळू लागतो.

प्रसंगांची यादी

एका वहीत प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ लिहावी आणि तीत चार गोष्टी नोंदवाव्यात: प्रसंगात कोणाला काय हवे आहे, प्रसंग संपताना काय बदलले, तेव्हा कोणता महिना असून पीक कोणत्या अवस्थेत आहे, आणि प्रसंग किती शब्दांचा आहे. यांतली दुसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. तिथे लिहिण्यासारखे काही सुचत नसेल, तर तो प्रसंग संशयित समजावा. त्यानंतर लागोपाठच्या दोन ओळी जोडून पाहाव्यात. त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर कथा पुढे सरकते आहे; केवळ ‘त्यानंतर’ बसत असेल तर नुसता काळ सरकतो आहे.

आपल्या कथेची यादी अशी तपासली की रेंगाळण्याची कारणे स्पष्ट होतात. आठव्या, दहाव्या आणि अकराव्या प्रसंगात धाकटा धुऱ्याची तक्रार घेऊन अनुक्रमे तलाठी, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्याकडे जातो आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परततो. लेखकाला वाटते की अडचण वाढते आहे, पण वाचकाला तेच दार तीनदा बंद होताना दिसते. नवव्या प्रसंगात वडिलांच्या आजारपणाची 1,400 शब्दांची आठवण आहे. शिवाय कर्जाचे गुपित वाचकाला पाचव्या प्रसंगातच कळते आणि पुढे कितीतरी पाने त्याचा काहीच उपयोग केला जात नाही. वाचकाला पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असणे हा दोष नव्हे. मात्र मधल्या प्रसंगांनी त्या जाणिवेला सतत टोचत राहिले पाहिजे. इथे तसे होत नाही.

काटछाट

सारखे काम करणाऱ्या प्रसंगांपैकी कोणता ठेवायचा, हे तो किती चांगला लिहिला आहे यावर ठरवू नये. त्यातून पुढे काय घडते यावर ठरवावे. सरपंच समजूत घालतात आणि पोलीस पाटील जुन्या गोष्टी सांगतात, पण त्या दोघांच्या बोलण्याने पुढचे काही बदलत नाही. तलाठी मात्र सांगतो की मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून होते आणि उभ्या पिकात ती नीट होत नाही, म्हणून कापूस निघाल्यावर अर्ज करावा. या एका उत्तराने दोघा भावांना वेचणीपर्यंत एकमेकांचा बैल मागत त्याच धुऱ्याच्या दोन बाजूंना राबणे भाग पडते. म्हणून तलाठ्याचा प्रसंग राहतो आणि उरलेले दोन जातात. आजारपणाच्या आठवणीतून दवाखान्याची पावती तेवढी उचलून ठेवावी आणि बाकीचा नववा प्रसंग काढावा. पंधराव्या प्रसंगातला आठवडी बाजार आणि सतराव्यातले मामांचे येणे वाचायला गोड आहे, परंतु दोन्हींच्या ओळीत ‘काय बदलले’ ही जागा रिकामी आहे, म्हणून तेही जातात. काढलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवावा, म्हणजे कापताना हात आखडत नाही.

शांत प्रसंग आणि निकामी प्रसंग यांतला फरक मात्र ओळखता आला पाहिजे. बाराव्या प्रसंगात दोघी जावा निंदण करताना धुऱ्यावर बसून शिदोरी वाटून खातात. तिथे भांडण नाही आणि निर्णयही नाही, त्यामुळे तो सहज कापला जाईल. पण चोविसाव्या प्रसंगात थोरली जाऊ पहिल्या वेचणीच्या पूजेचा, म्हणजे सीतादहीचा, दहीभात घेऊन धाकटीच्या वावरात येते, आणि ते येणे पटते ते केवळ बाराव्या प्रसंगामुळे. एखादा प्रसंग काढण्यापूर्वी पुढचा कोणता प्रसंग त्याच्यावाचून खोटा वाटेल, हे शोधावे. असा एकही सापडला नाही तरच तो निर्धास्तपणे काढावा.

सातव्या, तेराव्या आणि चौदाव्या प्रसंगात डवरणीसाठी बैल मागितला जातो. हे तीनही प्रसंग सारखे दिसत असले तरी त्यांना काढण्याऐवजी असमान करावे. पहिल्या वेळी थोरला एक शब्द न बोलता बैल सोडून देतो, दुसऱ्या वेळी दुपार टळल्यावर देतो आणि तिसऱ्या वेळी देत नाही. अशी पायरी चढत गेली की तेच मागणे तीनदा आले तरी चालते.

क्रम बदलणे

या कथेत क्रम बदलताना सर्वांत मोठी अडचण लेखनाची नसून पिकाची आणि तिथीची आहे. पोळा श्रावण अमावास्येलाच येणार. तो हलवता येत नाही. पण पोळ्याच्या आधी किती पाने असावीत, हे लेखकाच्या हातात असते. खर्ड्यात पोळा अठरावा प्रसंग आहे, म्हणजे तोवर बरीचशी कथा उलटून गेलेली असते. खांदमळणीच्या संध्याकाळी दोन बैल दोन गोठ्यांत आणि दुसऱ्या दिवशी तोरणाखाली धाकटा एकटाच एक बैल घेऊन उभा, हे या कथेचे खरे वळण आहे. गावाने वाटणी डोळ्यांनी पाहिली ती इथेच. नववा, दहावा, अकरावा, पंधरावा आणि सतरावा हे पाच प्रसंग निघाले आणि दोन प्रसंग पोळ्याच्या पुढे नेले, की पोळा 21 प्रसंगांपैकी अकरावा होतो.

पुढे नेण्याचा पहिला प्रसंग म्हणजे कर्जाचे गुपित. ते वाचकाला आणि धाकट्याला पोळ्यानंतर लगेच कळावे, म्हणजे गावासमोर रोष दाखवून बसलेल्या धाकट्याला त्या रोषाचे काय करावे, हा नवा प्रश्न पडतो. दुसरा प्रसंग जागलीचा. खर्ड्यात तो जुलैत होता. तिथे दोघे भाऊ रात्री आपापल्या वावरात रानडुकरे आणि रोही राखत असताना पहिल्यांदा बोलतात, आणि इतक्या लवकर बोलल्यामुळे पुढचा ताण फुकट जातो. तो पोळ्यानंतर तीनेक आठवड्यांनी घ्यावा.

प्रसंग हलवला की त्याच्या आतले सगळे तपासावे लागते आणि पुष्कळ चुका इथेच राहून जातात. जुलैत पऱ्हाटी वीतभर असते; सप्टेंबरअखेरीस ती कमरेला लागते आणि तिला बोंडे धरलेली असतात, त्यामुळे बसलेला भाऊ पलीकडून दिसणारच नाही, केवळ आवाज येईल. हा बदल प्रसंगाच्या फायद्याचाच आहे. खर्ड्यात डोक्यावर घोंगडी, बेडकांचा गलका आणि नाल्याला पूर होता. ते आता पुन्हा ठरवावे लागेल. खर्ड्यात टिपूर चांदणे होते. अमावास्येनंतर तीन आठवडे म्हणजे वद्य षष्ठी-सप्तमीचा सुमार, तेव्हा चंद्र बऱ्याच रात्री उगवतो, म्हणून बोलण्याचा पहिला भाग अंधारात होईल. सर्वांत शेवटी कोणाला काय ठाऊक आहे ते पाहावे. जुलैतल्या धाकट्याला कर्ज माहीत नव्हते, आता आहे. त्यामुळे त्याचे प्रत्येक वाक्य बदलते. जुना संवाद उचलून नव्या जागी चिकटवू नये, तो नव्याने लिहावा.

वाक्ये आवळणे

आता वाक्यांकडे वळावे. तलाठ्याच्या प्रसंगाची खर्ड्यातली सुरुवात अशी आहे:

‘दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर उठला. चहा घेऊन त्याने सायकल काढली आणि तो रस्त्याला लागला. कार्यालयात पोहोचल्यावर त्याला कळले की तलाठी अजून आलेले नाहीत. तो बराच वेळ बसून राहिला. त्याच्या मनात भावाबद्दल राग खदखदत होता.’

आवळल्यानंतर ती अशी होते:

‘तलाठ्याने नकाशाची घडी उलगडलीच नाही. “पऱ्हाटी उभी हाये ना वावरात? मंग आत्ता कायची मोजणी? कापूस निंघू दे, मंग अर्ज टाक.” धाकट्याने बोटांवर महिने मोजले.’

प्रवास गेला, वाट पाहणे गेले आणि राग असल्याचे सांगणेही गेले. महिने मोजणाऱ्या बोटांनी त्याचे काम केले. संपूर्ण खर्ड्यात ‘दुसऱ्या दिवशी’, ‘त्यानंतर’, ‘काही वेळाने’ अशा सुरुवाती शोधाव्यात, कारण तिथे बहुधा प्रसंग एक परिच्छेद उशिरा सुरू करता येतो. तसेच प्रत्येक प्रसंगाचे शेवटचे वाक्य झाकून पाहावे; पुष्कळदा ते आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगत असते.

संवादांत मात्र सरसकट कात्री लावू नये. आपल्याकडे कोणी आल्या आल्या बैल मागत नाही. आधी बसणे, पाणी, पावसाची चौकशी असते. यातले बहुतेक काढता येते, पण थोरल्याच्या घरी तिसऱ्या वेळी पाणी विचारले गेले नाही, हे कळण्यासाठी पहिल्या वेळचे पाणी कथेत राहिले पाहिजे.

एवढे झाल्यावर खर्डा सुमारे 13,000 शब्दांवर येतो. काटछाट जास्त झाली का, हे ओळखण्यासाठी कथा पूर्वी न वाचलेल्या आणि शेती माहीत असलेल्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी आणि तो मध्येच काय विचारतो, ते वहीत टिपावे. ‘पुढे काय झाले?’ असे विचारले तर मध्य ठीक आहे. ‘ही कोण?’ किंवा ‘हा बैल कोणाचा?’ असे विचारले तर कापलेल्या मजकुरातली एखादी ओळ परत आणावी लागेल. पूर्ण प्रसंग परत आणण्याची गरज सहसा पडत नाही. आणि त्याने पिकाबद्दल किंवा तिथीबद्दल शंका काढली, तर यादीतली महिन्याची नोंद काढून त्या प्रसंगापासून पुढचे सगळे प्रसंग पुन्हा जुळवून पाहावेत.