पेडियाट्रिक्स प्रॅक्टिकल: सीएचडीची केस आली तर

फायनलच्या प्रॅक्टिकलला लाँग केस म्हणून जन्मजात हृदयविकाराचं मूल समोर येण्याची शक्यता बरीच असते. मूल स्थिर असतं, मर्मर स्पष्ट ऐकू येतो आणि परीक्षकाला विचारायला पुष्कळ असतं. नागपूरला तर गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची लेकरं येतात, त्यामुळे वॉर्डात अशी केस नाही असा आठवडा क्वचितच जातो. थिअरीसाठी सायनोटिक आणि असायनोटिकचा तक्ता सगळेच पाठ करतात. पण बेडशेजारी तक्ता कामाला येत नाही, कारण मूल कोणत्या रकान्यातलं आहे हे तुम्हालाच ठरवायचं असतं. त्यासाठी दोनच प्रश्न पुरतात: मूल निळं आहे का, आणि फुफ्फुसांकडे रक्त जास्त जातंय की कमी.

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. केशवाहिन्यांतल्या रक्तात ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन साधारण 5 ग्रॅमपर्यंत गेलं की निळेपणा डोळ्यांना दिसतो. आता सॅच्युरेशन 75 टक्के असलेली दोन मुलं घ्या. एकाचं हिमोग्लोबिन 18, तर त्याच्या धमनीतच साडेचार ग्रॅम बिनऑक्सिजनचं आहे, केशवाहिन्यांत आणखी वाढतं, म्हणजे ते निळं दिसणारच. दुसऱ्याचं हिमोग्लोबिन 8, तर धमनीत जेमतेम 2 ग्रॅम. ते पांढुरकं दिसेल, निळं नाही. आपल्याकडे रक्तक्षय असलेली लेकरं भरपूर, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका, पल्स ऑक्सिमीटर लावायला मागा. परीक्षक नाही म्हणत नाहीत. उलट डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बोटं निळी दिसणारं मूल सायनोटिक असेलच असं नाही. हात चोळून गरम करा आणि जीभ बघा. जीभ गुलाबी असेल तर तो निळेपणा परिघावरचा. (जूनमध्ये जांभळं खाल्लेलं लेकरू समोर आलं, तर जिभेवरही जाऊ नका, ओठांच्या आतली बाजू आणि डोळे बघा.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्टेथोस्कोप लावण्याआधीच आईकडून मिळतं. फुफ्फुसांकडे रक्त जास्त जात असेल, तर बाळ दूध पिताना दमतं. थोडं ओढतं, थांबतं, धापा टाकतं, पुन्हा ओढतं आणि त्या वेळी कपाळाला घाम येतो. वारंवार छातीचा संसर्ग होतो, ॲडमिट करावं लागतं, वजन वाढत नाही. हे असंच विचारा: "मावशी, लेकरू दूध पितांना दमते का जी? मध्येच सोडून देते का? कपाळावर घाम येते का?" पुस्तकी मराठीत "स्तनपानात व्यत्यय येतो का" विचारलंत तर आई हमखास नाही म्हणेल. निळेपणासाठीही "निळं" एवढाच शब्द वापरू नका. सावळ्या लेकराबद्दल आई "रडते तवा काळं पडते" असं सांगते, आणि तुमच्या "निळं पडतं का" ला प्रामाणिकपणे नाही म्हणते.

फुफ्फुसांकडे रक्त कमी जात असेल तर चित्र उलटं. न्यूमोनिया वारंवार होत नाही, हार्ट फेल्युअर सहसा नसतं, पण मूल चालताना दमून उकिडवं बसतं.

असायनोटिक गटात परीक्षेला सर्वांत जास्त येते ती व्हीएसडी. जन्माच्या वेळी फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा रोध जास्त असतो, त्यामुळे डाव्या वेंट्रिकलमधून उजव्याकडे फारसं रक्त जात नाही. सहा-आठ आठवड्यांत हा रोध उतरला की शंट वाढतो आणि तेव्हाच तक्रारी सुरू होतात. म्हणून "जन्मले तवा डॉक्टर काही नाही बोलले, सव्वा-दीड महिन्यानं दमू लागलं" हे वाक्य खुद्द निदानाकडे बोट दाखवतं. तपासताना डाव्या बाजूला, स्टर्नमच्या खालच्या कडेला, तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या फटीत पॅनसिस्टोलिक मर्मर आणि बहुधा थ्रिल. पण मर्मर मोठा म्हणजे भोक मोठं, असं समजू नका. लहान भोकातून दाबाने रक्त सुटतं आणि आवाज जोरात येतो, मूल मात्र ठणठणीत असतं. भोक मोठं असण्याचे पुरावे दुसरीकडे शोधायचे: ॲपेक्स बाहेर सरकलेला, यकृत वाढलेलं, आणि ॲपेक्सवर मिडडायस्टोलिक मर्मर. हा शेवटचा मर्मर मायट्रल झडपेतून जादा रक्त वाहिल्यामुळे येतो आणि फुफ्फुसांकडचा प्रवाह शरीराकडच्या प्रवाहाच्या साधारण दुप्पट असल्याचं सांगतो. बेलने, डाव्या कुशीवर वळवून ऐका, नाहीतर सुटून जातो.

एएसडी आणि पीडीए थोडक्यात. एएसडीचं मूल सहसा तक्रारीशिवायच असतं. पल्मनरी भागात इजेक्शन सिस्टोलिक मर्मर आणि दुसरा ध्वनी ठळक फुटलेला, श्वासाबरोबर न बदलणारा. पीडीएत डाव्या कॉलरबोनखाली सतत चालणारा, मशिनसारखा मर्मर आणि उसळती नाडी.

आता एक सायनोटिक केस धरू. तीन वर्षं दोन महिन्यांची मुलगी, छिंदवाड्याकडची, वजन साडेदहा किलो. सहा महिन्यांची झाल्यापासून रडताना काळी पडते. आता घर ते अंगणवाडी चालताना मध्ये दोनदा उकिडवी बसते. गेल्या महिन्यात सकाळी उठून रडली, खोल आणि भराभर श्वास घेऊ लागली, गडद पडली, मग ढिली पडून झोपली. वारंवार खोकला-न्यूमोनिया नाही. तपासताना जीभ निळी, क्लबिंग आहे, सॅच्युरेशन 76, नाडी 112, श्वास 28. यकृत हाताला लागत नाही. ॲपेक्स जागेवर आहे, दुसरा ध्वनी एकच, आणि डाव्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या फटीत ग्रेड 3 चा इजेक्शन सिस्टोलिक मर्मर.

मूल निळं, हृदय मोठं झालेलं नाही, फेल्युअर नाही, फुफ्फुसांकडे रक्त कमी. म्हणजे टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो. पण निदान सांगताना "टॉफ फिजिऑलॉजी" म्हणा. मोठी व्हीएसडी आणि पल्मनरी स्टेनोसिस असलेली टीजीए किंवा डीओआरव्ही बेडशेजारी अशीच दिसू शकते. ट्रायकस्पिड अट्रेशियाही याच रांगेतला, फक्त त्यात ईसीजीवर ॲक्सिस डावीकडे असतो, टॉफमध्ये उजवीकडे. एक्स-रेत काळवंडलेली, रक्तवाहिन्या विरळ असलेली फुफ्फुसं आणि बुटासारखं हृदय दिसतं. बूट नाही दिसला तरी घाबरू नका, फुफ्फुसांचं सांगणं जास्त महत्त्वाचं.

इथे परीक्षकाचा आवडता प्रश्न येतो: टॉफमध्ये व्हीएसडी आहे ना, मग पॅनसिस्टोलिक मर्मर कुठे गेला? उत्तर असं की भोक मोठं असल्याने दोन्ही वेंट्रिकलमधला दाब सारखा, त्यामुळे तिथे आवाजच होत नाही. ऐकू येणारा मर्मर उजव्या वेंट्रिकलच्या अरुंद वाटेचा असतो. त्यातूनच दुसरा प्रश्न: आजार जास्त तीव्र, तर मर्मर मोठा की लहान? लहान. वाट जितकी अरुंद, तितकं रक्त तिथून न जाता व्हीएसडीतून महाधमनीत वळतं. स्पेलमध्ये तर मर्मर जवळजवळ नाहीसा होतो. स्पेल आलेल्या मुलाच्या छातीवर स्टेथो ठेवून "आता मर्मर कमी झाला, बरं वाटतंय" म्हणणारा गोत्यात येतो.

स्पेलचा उपचार क्रमाने सांगा आणि प्रत्येक पायरीचं कारण जोडा. आधी गुडघे छातीशी घेऊन आईच्या कुशीत. यामुळे शरीराकडचा रोध वाढतो आणि रक्त फुफ्फुसांकडे ढकललं जातं. ती मुलगी वाटेत उकिडवी बसते तेव्हा हेच करत असते. मग ऑक्सिजन. मॉर्फिन किलोला 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे हिला सुमारे 1 मिलिग्रॅम. यामुळे ती शांत होते आणि धापा कमी होतात. मग सलाइन किलोला 10 ते 20 मिली, आणि ॲसिडोसिससाठी सोडाबायकार्ब किलोला 1 मिलिइक्विव्हॅलंट. तरीही थांबत नसेल तर प्रोप्रॅनोलॉल शिरेतून, किलोला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत, अगदी हळू. डिगॉक्सिनचं नाव घेऊ नका, त्याने अरुंद वाट आणखी आवळते.

रक्ताचा रिपोर्ट मागितला तर हिचं हिमोग्लोबिन 12 निघतं. साध्या मुलात हे नॉर्मल, पण सॅच्युरेशन 76 असलेल्या मुलात ते जास्त असायला हवं होतं. म्हणजे लोहाची कमतरता आहे, लोह द्यायचं. रक्तक्षयाने स्पेलही वाढतात. आणि टॉफचं मूल फेल्युअरमध्ये दिसलंच, तर निदान बदलण्याआधी तीव्र रक्तक्षय आणि एंडोकार्डायटिस आठवा.

नागपूरच्या मे महिन्यात या मुलांबद्दल वेगळी काळजी असते. पारा 45 च्या घरात, त्यात जुलाब-उलटी झाली की आधीच घट्ट असलेलं रक्त आणखी घट्ट होतं. स्पेल येतात, आणि दोन वर्षांखालच्या मुलांत मेंदूच्या शिरांत गुठळी होऊ शकते. पालकांना काय सांगाल, असं विचारलं तर ओआरएस घरात ठेवा आणि जुलाब लागले की त्याच दिवशी या, हे सांगा.

कायमचा उपचार शस्त्रक्रिया. शक्य असेल तर संपूर्ण दुरुस्ती, पल्मनरी धमन्या फार बारीक असतील तर आधी बीटी शंट. ब्लॅलॉक, टॉसिग आणि थॉमस या तिघांच्या कामातून 1944 मध्ये पहिला शंट झाला, परीक्षकाला इतिहास आवडत असेल तर एवढं पुरे. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत प्रोप्रॅनोलॉल तोंडाने सुरू ठेवतात, रोज किलोला 1 ते 4 मिलिग्रॅम, विभागून.

शेवटचा प्रश्न बहुतेक गुंतागुंतीवर असतो. दोन वर्षांवरचं टॉफचं मूल ताप, डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आलं तर मेंदूतला गळू हाच पहिला विचार. इथे मेनिंजायटिस समजून एलपीची सुई हातात घेतली तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. आधी सीटी करायचा.