सीओडीचा एसओपी नव्याने लिहिताना

रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांच्या लॅबमध्ये सांडपाण्याची सीओडी चाचणी नेहमीचीच. तिचा एसओपी बहुतेक ठिकाणी असा सापडतो:

"नमुन्यात मर्क्युरिक सल्फेट, डायक्रोमेट व आम्ल मिसळून दोन तास रिफ्लक्स करावा. कंडेन्सरचे पाणी चालू असल्याची खात्री करावी. आवश्यक ती खबरदारी घ्यावी."

यात चुकीचं काही नाही, पण यावरून काम होत नाही. कोणी मिसळायचं? कशानंतर काय? खात्री करायची ती काय पाहून? आणि पाण्याचं वाक्य तापवण्याच्या वाक्यानंतर आलंय. वरून खाली वाचत काम करणारा माणूस तिथे पोहोचेपर्यंत हीटर चालू झालेला असतो.

लिहायला बसण्याआधी चाचणी रोज करणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून ती एकदा पूर्ण पाहा. मधे बोलू नका. तो जिथे थांबतो, वाकून बघतो, फ्लास्क हलवतो, ते सगळं टिपून ठेवा. खऱ्या तपासण्या तिथेच असतात आणि कागदावर नेमक्या त्याच नसतात.

मग प्रत्येक पायरीत एकच कृती ठेवा आणि ती कोणाची, हे वाक्याच्या सुरुवातीलाच लिहा. माणसाचं नाव नको, पद लिहा, आणि पदही त्या पाळीत हजर असणारं हवं. "इन्चार्जला विचारावे" हे रात्रपाळीत निरर्थक आहे, कारण इन्चार्ज तेव्हा घरी झोपलेला असतो. वरचा उतारा मी असा लिहीन:

१. असिस्टंट: हातमोजे घालून ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट फ्लास्कमध्ये घेतो. (विषारी.)
२. केमिस्ट: त्यात २० मिली नमुना घालून ढवळतो. काचेचे मणी टाकतो.
३. केमिस्ट: १० मिली डायक्रोमेट पिपेटने घालतो.
४. असिस्टंट: फ्लास्क कंडेन्सरला जोडून पाणी सुरू करतो. बाहेर जाणाऱ्या नळीतून सलग धार पडताना दिसली पाहिजे. धार नसेल तर पुढे जायचं नाही.
५. केमिस्ट: गॉगल आणि फेसशील्ड लावून, कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून सिल्व्हर सल्फेट घातलेलं ३० मिली सल्फ्युरिक आम्ल हळूहळू सोडतो, फ्लास्क सतत फिरवत.
६. थांबा. केमिस्ट: तळाशी आम्लाचा वेगळा थर दिसत नाही, द्रावण हिरवं झालेलं नाही आणि धार अजून चालू आहे, हे पाहून सही करतो.
७. केमिस्ट: हीटर सुरू करतो, उकळी फुटल्याची वेळ लिहितो. तिथून दोन तास.

क्रम असाच का, तेही एका ओळीत द्यावं. कारण कळलं की माणूस पायरी सहसा गाळत नाही. मर्क्युरिक सल्फेट आधी, कारण ते क्लोराइडला बांधून ठेवतं. नाहीतर डायक्रोमेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि सीओडी खोटा जास्त येतो. एवढ्या मात्रेला लिटरमागे साधारण २००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच भरवसा आहे, हेही तिथेच लिहा. सहावी पायरी तर सगळ्यात महत्त्वाची. न मिसळलेलं जड आम्ल तळाशी बसतं, खालून तापलं की एकाच जागी उकळी फुटते आणि फ्लास्कमधलं सगळं वर उडतं.

पाण्याची तपासणी मी मुद्दाम दोनदा ठेवली आहे. "नळ चालू आहे" असं लिहिलं तर लोक नळाची चावी पाहतात. देखभालीसाठी पुरवठा बंद असला तरी चावी उघडीच दिसते, बाहेर पडणारी धार मात्र खोटं बोलत नाही.

द्रावण हिरवं झालं तर? म्हणजे डायक्रोमेट संपलं, नमुना जास्त तीव्र आहे. इथे निर्णयाचा अधिकार केमिस्टला स्पष्ट शब्दांत द्या: हीटर सुरू असेल तर बंद करायचा, फ्लास्क थंड होऊ द्यायचा, नमुना विरळ करून पहिल्या पायरीपासून नव्याने सुरुवात करायची आणि किती पट विरळ केला ते नोंदवायचं. हे लिहिलेलं नसलं की माणूस त्याच फ्लास्कमध्ये थोडं डायक्रोमेट वाढवून वेळ मारून नेतो.

सह्यांबाबत मी कंजूष आहे. प्रत्येक पायरीला सही मागितली तर सगळ्या सह्या शेवटी एका दमात होतात. या भागात सहाव्या पायरीची एक पुरते. दुसरी टाकाऊ द्रावणासाठी: त्यात पारा, क्रोमियम आणि चांदी असते. ते सिंकमध्ये जाता कामा नये, लेबल लावलेल्या धोकादायक कचऱ्याच्या कॅनमध्ये असिस्टंटने ओतून सही करायची.

मसुदा झाला की ज्याने ही चाचणी कधी केली नाही अशा केमिस्टच्या हातात द्या. रसायनांऐवजी सगळीकडे साधं पाणी वापरून त्याला पायऱ्या करू द्या आणि जुना केमिस्ट बाजूला गप्प उभा राहू दे. नव्या केमिस्टने प्रश्न विचारला, तर उत्तर तोंडी देऊ नका. ती ओळ बदला.

शेवटी मंजुरी, आवृत्ती क्रमांक आणि तारीख. फ्यूम हूडच्या काचेवर सेलोटेपने चिकटवलेला, पेनाने दुरुस्त्या केलेला जुना कागद काढून टाका, पण आधी त्या दुरुस्त्या वाचून घ्या. त्यातली एखादी नव्या आवृत्तीत राहून गेलेली असू शकते.