‘उचल, दिला!’ : स्ट्रोक प्ले आणि मॅच प्लेमधल्या या चुका टाळा

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की निम्म्या लोकांना क्रिकेटचं मैदानच आठवतं, त्यामुळे खरोखर गोल्फ खेळणारे आम्ही तसे मोजकेच. आमच्या चौकडीचा रविवारचा खेळ म्हणजे मॅच प्ले, हरणाऱ्याने मिसळ खिलवायची. होलजवळ फूटभरावर बॉल थांबला की समोरचा म्हणतो, “उचल, दिला.” म्हणजे होलजवळचा तो शेवटचा हलका फटका, पुट, न मारताच आत गेला असं धरायचं. बॉल खिशात जातो आणि आम्ही पुढच्या टीकडे निघतो. वर्षभर हीच सवय लागते आणि मग एखाद्या स्ट्रोक प्ले, म्हणजे फटक्यांच्या बेरजेवर ठरणाऱ्या, स्पर्धेत ती अंगाशी येते.

गेल्या डिसेंबरमध्ये नेमकं तेच झालं. सकाळची वेळ, ग्रीनवर दव, त्यामुळे सगळ्यांचे पुट कमी पडत होते. सातवा होल पार फोरचा, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित. आमच्यातल्या नानांचे चार फटके झाले होते आणि बॉल होलपासून फूटभर अलीकडे थांबला. सोबतचा खेळाडू सवयीने म्हणाला, “घ्या नाना.” नानांनी बॉल उचलला, मनात पाच धरले आणि आठव्या टीवर जाऊन ड्राइव्ह मारला. तिथे त्यांची स्पर्धा संपली. कार्ड देताना विषय निघाला आणि ते बाद ठरले.

यातली पहिली चूक अशी, की स्ट्रोक प्लेमध्ये पुट ‘देण्याचा’ अधिकार कुणालाच नसतो. तिथे तुमचा सामना एका माणसाशी नसून मैदानावरच्या सगळ्यांशी असतो. शेजारच्याने उदार व्हायचं ठरवलं तरी बाकीच्यांच्या वतीने तो कसा होणार? म्हणून प्रत्येक होलवर बॉल आत गेलाच पाहिजे.

मात्र नानांची चूक वेळीच लक्षात आली असती, तर ती सुधारता आली असती. पुढचा होल सुरू करणारा स्वतःचा फटका मारण्याआधी ग्रीनवर परत जायचं, बॉल होता त्याच जागी ठेवायचा (नेमकी जागा आठवत नसेल तर अंदाजाने) आणि पुट मारून होल पूर्ण करायचा. खूण न करता बॉल उचलल्याबद्दल एक पेनल्टी. नानांचा हिशोब असा झाला असता: चार फटके, एक पेनल्टी, एक पुट, एकूण सहा. फूटभराच्या पुटसाठी सहा लिहिताना जीव जळतो, पण स्पर्धेत राहता आलं असतं. अठराव्या होलवर असं घडलं तर कार्ड देण्याआधीपर्यंत सुधारणा करता येते. सोबतच्याने ड्राइव्ह मारला असला तरी हरकत नाही, तुमचा स्वतःचा फटका झालेला नसावा. आणि नियम माहीत असूनही ‘आज आपापसात छोटे पुट द्यायचे’ असं ठरवून खेळलात, तर ठरवणारे सगळेच बाद.

पुट देणं एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही, याचं कारण गुण मोजण्यात आहे. स्ट्रोक प्लेमध्ये सगळ्या फटक्यांची बेरीज होते. मॅच प्लेमध्ये फक्त होल जिंकला, हरला की बरोबरीत सुटला एवढंच मोजतात. समजा पहिल्या तीन होलवर तुमचे 4, 4, 9 आणि माझे 5, 5, 5. बेरजेत तुम्ही 17, मी 15, म्हणजे मी दोनने पुढे. मॅच प्लेमध्ये मात्र तुम्ही दोन होल जिंकलात आणि एक हरलात, म्हणून तुम्ही ‘वन अप’. तुमच्या त्या नऊने तुमचं फक्त एका होलचं नुकसान झालं. म्हणूनच मॅच प्लेमध्ये होल हातचा गेल्यावर बॉल उचलून मोकळं होता येतं. ‘3 आणि 2’ असा निकाल वाचून काही जण ते फटके समजतात. त्याचा अर्थ दोन होल बाकी असताना तीनची आघाडी, म्हणजे सामना तिथेच संपला.

या फरकाची दोन उदाहरणं एकाच कोर्सवरची आहेत, इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलची. 1969च्या रायडर कपमध्ये, म्हणजे दोन संघांच्या मॅच प्लेमध्ये, शेवटच्या होलवर जॅक निकलसने टोनी जॅकलिनला दोन-तीन फुटांचा पुट देऊन टाकला आणि लढत 16–16 अशी बरोबरीत सुटली. तिथेच 1983च्या ओपनमध्ये, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये, हेल आयर्विनने अगदी होलच्या तोंडाशी असलेला बॉल सहज ढकलायला पटर फिरवला आणि तो बॉलला लागलाच नाही. फटका मोजला गेला. शेवटी तो टॉम वॉटसनच्या एकाच फटक्याने मागे राहिला.

आता मॅच प्लेमधल्या चुका. तिथे पुट देता येत असला तरी तो आपोआप मिळत नाही. ‘पटरच्या ग्रिपइतकं अंतर म्हणजे दिलाच’ हा मित्रांमधला रिवाज आहे, नियमात असं कुठलंही अंतर नाही. पुट द्यायचा तर पुढचा फटका होण्याआधी. नंतर देऊन उपयोग नाही. 2019च्या जागतिक मॅच प्ले स्पर्धेत सर्जिओ गार्सियाचा पार पुट हुकला, वैतागून त्याने उरलेला छोटा पुट घाईत उलट्या हाताने मारला आणि तोही हुकला. मॅट कुचरने तोपर्यंत काही म्हटलेलं नव्हतं. होल गार्सियाच्या हातून गेला.

आपल्याकडे त्याहून मोठा घोळ भाषेचा होतो. समोरचा म्हणतो “छान!” किंवा “चांगलाय.” हे पुटचं कौतुक आहे की पुट दिला? बोलण्यामुळे खरोखर तसा समज होण्यासारखा असेल, तर पेनल्टी नाही, बॉल परत ठेवून पुट मारायचा. समोरचा काहीच बोलला नसताना तुम्हीच गृहीत धरलं असेल, तर एक पेनल्टी आणि बॉल परत जागेवर. म्हणून आम्ही आता ‘दिला’ हा एकच शब्द ठेवलाय. तो ऐकू आला नाही तर “दिला का?” असं विचारतो, त्यात कमीपणा कसला?

एकदा दिलेला पुट परत घेता येत नाही, नाकारताही येत नाही. “राहू दे, मी मारतोच” म्हणून मारला आणि हुकला, तरी तो गेलाच असं धरतात. फक्त फोर-बॉलमध्ये, म्हणजे जोडीतला प्रत्येक जण आपापला बॉल खेळतो आणि त्यातला चांगला स्कोअर धरतात तेव्हा, हा मोह टाळा: त्या पुटमुळे जोडीदाराला ग्रीनचा उतार कळला, तर त्याचा त्या होलचा स्कोअर तुमच्या बाजूने धरला जात नाही.

एकाच फेरीत मॅचही आणि बेरजेवरची पैजही असा दुहेरी बेत आमच्यात मध्यंतरी सुरू होता. दिलेल्या पुटच्या होलला चार लिहायचे की पाच, यावर मिसळ थंड होईस्तोवर वाद व्हायचा. तसं खेळायचंच असेल तर कुणी काही देऊ नका, प्रत्येक बॉल आत घाला.

मॅचचा स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी, भरताना मात्र दिलेल्या पुटचा आकडा लागतो. ग्रीनवर होलपासून पाच फुटांच्या आत बॉल असेल तर झालेल्या फटक्यांत एक मिळवायचा. पाच फुटांपासून 20 यार्डांपर्यंत दोन किंवा तीन आणि त्यापलीकडे तीन किंवा चार, ग्रीन कितपत अवघड आहे आणि आपला हात कसा आहे ते बघून. नाना हल्ली तिथेही प्रामाणिकपणे तीनच मिळवतात.