मटणाचा उग्र वास: मसाल्याआधी चरबीकडे बघा

मटणाला वास आला की जो तो सल्ला देतो: लिंबू चोळा, दुधात भिजवा, पाच पाण्यांनी धुवा. मी हे सगळं करून बसलेय. बोकडाचा तो उग्र वास मुख्यतः चरबीत मुरलेल्या काही आम्लांचा असतो, आणि ती आम्लं तेलात विरघळतात, पाण्यात फारशी नाहीत. मग नळाखाली कितीही धुतलं तरी तुपकट ताट गार पाण्याने धुतल्यासारखंच. लिंबाने मांस वरून पांढरं पडतं, चरबी आहे तिथेच राहते.

कोणत्या मटणाला वास येणार हे बरंचसं जनावरावर ठरतं. वयात आलेला अंडील बोकड, म्हणजे खच्ची न केलेला, सगळ्यात उग्र. माजावर असताना तो स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, शिंगांमागच्या ग्रंथीही वास सोडतात. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडात हा प्रकार जवळपास नसतो, म्हणून तो वयाने मोठा असला तरी चालतो. शेळी म्हातारी असली तर चिवट लागेल, पण बोकडासारखी दरवळणार नाही. वर्षाच्या आतलं कोवळं जनावर बहुतेक वेळा सौम्य असतं. मेंढीचा वास वेगळाच. तिची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून तो रस्सा कढतच वाढायचा.

दुकानात सरळ विचारा, "दादा, खच्ची आहे का?" उत्तर गुळमुळीत आलं तर घरी तवा तापवा. बोराएवढा चरबीचा तुकडा टाका आणि तो वितळू लागला की वास घ्या. कच्च्या मटणावर नाक टेकवून हा उग्रपणा फारसा कळत नाही, तापलेली चरबी अर्ध्या मिनिटात सांगते.

आता चरबी काढणं. मी इथेच वर्षानुवर्षं चुकत आले. मी किलोभर मटण दुकानातून बारीक तुकडे करूनच आणायचे. हाडावर सत्तूर पडला की चरबी चेचून सगळ्या फोडींना माखते आणि मग ती सुटी होत नाही. एकदा गावच्या जत्रेला मोठ्या अंडील बोकडाचं असंच मटण आणलं आणि आहे तसं कुकरला लावलं. शिट्टीबरोबर वास ओसरीपर्यंत गेला. दुप्पट कांदा-लसूण मसाला घातला, तर रस्सा तिखटही लागला आणि वासही तसाच. पोरांनी भाकरी दह्याबरोबर खाल्ली.

तेव्हापासून मांडी किंवा खांदा अख्खा मागते. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. घरी आणून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवते. चरबी घट्ट झाली की सुरीखाली नीट येते, कोमट असताना ती नुसती घसरते. आधी वरचा पातळ पापुद्रा ओढून काढायचा, कारण कातडं सोलताना केस आणि हात त्यालाच लागलेले असतात. एखादा केस चिकटला असेल तर ती जागा खरवडून टाका. मग बाहेरचा पांढरा थर, आणि दोन स्नायूंच्या मधल्या फटीत बोट घालून तिथली पट्टी. गुर्द्याभोवतीची चरबी तर सगळीच काढा. उग्र जनावराच्या किलोभर मांडीतून माझी वाटीभर चरबी सहज निघते. मांसाच्या आतल्या बारीक रेषांच्या मागे लागू नका. "एवढी चरबी काढली तर चव जाईल" असं सासूबाई म्हणायच्या. तवंगाला दोन चमचे तेल जास्त घाला, झालं.

त्यानंतर फोडी करा, एकदा धुवा, हळद-मीठ-आलं-लसूण लावा.

तरीही तव्यावरच्या तुकड्याला जबर वास आला असेल तर आणखी एक रात्र द्या. मटण बुडेल एवढ्या पाण्यात मीठ-हळद घालून मऊ शिजवायचं, निवलं की लगेच फ्रीजमध्ये. सकाळी वर पांढरी पापडी जमलेली दिसते. ती चमच्याने अख्खी उचला आणि टाकून द्या. त्यात फोडणी करायचा मोह नको. खालच्या अळणी पाण्यात नेहमीचं वाटण घालून रस्सा उकळा. वास शून्य होत नाही, पण खाणारा नाक मुरडत नाही एवढा नक्की उतरतो.

मटण बुळबुळीत लागत असेल, आंबूस वास असेल किंवा हिरवट झाक दिसत असेल, तर ते नासलंय. त्यावर यातलं काहीही करू नका, टाकून द्या.